सुगंधरावांचा स्टॉक

आमच्या गोडाऊनला चार वास आहेत. पुठ्ठ्याच्या खोक्यांचा, चिकटपट्टीच्या गोंदाचा, डॉकला लागलेल्या कंटेनरच्या डिझेलचा आणि जून उजाडला की ओल्या गोणपाटाचा. वडप्यात ज्यांनी नोकरी केली त्यांना हे सांगायला नको. नाशिक हायवे सोडून आत वळलं की दोन्ही बाजूंना पत्र्याच्या शेडी, मधेमधे चुकून उरलेली भाताची खाचरं, आणि त्या खाचरांइतकेच निवांत उभे असलेले ट्रक. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्ग शेजारच्या आमण्यापर्यंत येऊन पोचला. तेव्हापासून नागपूरचा माल आमच्या दारात झपाट्याने येतो आणि उरलेला वेळ ठाण्याला जाण्यात घालवतो.

पाचवा वास सुगंधरावांचा. तो रोज निराळा असतो.

सुगंधराव हे अर्थात पगारपत्रकावरचं नाव नव्हे. हुद्दा स्टॉक इन्चार्ज, वय पन्नाशीच्या अलीकडे, शर्ट पांढरा, खिशाला दोन पेनं. माणूस मुळात साठ्याचा. जगात जे काही आहे ते कुठल्यातरी रॅकवर आहे, त्याला बॅच नंबर आहे आणि ते आधी आलं असेल तर आधी गेलं पाहिजे, एवढं त्यांचं तत्त्वज्ञान. त्यांच्या घरी गोड्या मसाल्याच्या बरणीवर तारीख असते. बायकोने एकदा नवी बरणी आधी उघडली तेव्हा सुगंधराव दोन दिवस जेवले, पण बोलले नाहीत.

अशा माणसाला अत्तराचा नाद लागला. नाद एरवी माणसाला सैल करतो. यांनी नादालाच इनवर्ड रजिस्टर लावलं.

सुरुवात एका बाटलीने झाली. भाच्याने दुबईहून शंभर मिलीची जड बाटली आणली. उद, व्हॅनिला, अंबर, सगळा गोड आणि गरम मामला. सुगंधरावांनी ती मे महिन्यातल्या सोमवारी सकाळी उघडली आणि डिओ मारतात तशी मारली. सहा फवारे. ठाण्याहून निघताना, गाडीत एसी होता तोवर, सगळं ठीक होतं. अकराच्या सुमाराला पत्रा तापला आणि सहा नंबरच्या रॅककडून ओरडा झाला, "साहेब, लीकेज!" माथाडींना वाटलं गुलाबजामच्या डब्यांचं पॅलेट फुटलं. आम्ही दोन पॅलेट उतरवली, स्ट्रेच फिल्म कापली, डबे मोजले. पाक कुठेच नव्हता. सुगंधराव डॅमेज रिपोर्ट लिहायला जवळ येत तसतशी गळती वाढत होती. शेवटी एका पोराने फिल्मचा रोल खाली ठेवला, साहेबांच्या कॉलरकडे पाहिलं आणि काही न बोलता मान खाली घातली.

दुसरा कोणी असता तर बाटली कपाटात गेली असती. सुगंधरावांनी कारण शोधलं. ते त्यांनी मला दुपारच्या डब्यावर सांगितलं आणि इतकं नीट सांगितलं की माझी भाजी गार झाली. सुगंधात काही घटक हलके असतात, काही जड. लिंबू, संत्रं, बर्गमॉट पहिल्या पंधरा-वीस मिनिटांत उडून जातात. फुलं आणि मसाले दोन-तीन तास टिकतात. लाकूड, राळ, व्हॅनिला, कस्तुरीच्या जातीचे वास रात्रीपर्यंत कपड्याला चिकटून राहतात. उष्णतेने सगळेच घटक जास्त वेगाने हवेत येतात. म्हणजे थंडीत जो गोड वास अंगाशी गुरफटून हळूहळू उलगडतो, तोच पत्र्याखाली एकदम उठतो आणि वर दमट हवेत घामाची सोबत मिळाली की पाकासारखा चिकटतो. "बाटलीचा दोष नाही," सुगंधराव म्हणाले. "माल बरोबर, लोकेशन चुकलं."

मग त्यांनी लोकेशनं ठरवली. आपल्याकडे ऋतू सहा, म्हणून बाटल्या सहा. वसंताला फुलांची, ग्रीष्माला लिंबाची, वर्षेला मातीची, शरदाला चहाच्या पानांची, हेमंताला मसाल्याची, शिशिराला तो दुबईचा पाक. प्रत्येकी शंभर मिली. टेबलाच्या खालच्या खणात सहा कप्पे आणि प्रत्येक कप्प्यावर चिठ्ठी. हेमंत आणि शिशिर यांच्यातला फरक वडप्यात कसा ओळखायचा, असं मी विचारलं. आमचा हिवाळा पहाटे पाचला येतो आणि सकाळी नऊच्या शिफ्टला हजेरी न लावता परत जातो. सुगंधराव म्हणाले, पंचांग आहे की.

ही व्यवस्था पहिल्यांदा हिशेबात बुडाली. बुडवली त्यांनी स्वतःच, मार्चअखेरच्या स्टॉकटेकिंगला. एक फवारा म्हणजे साधारण दशांश मिली. शंभर मिलीत हजारेक फवारे. रोजचे तीन फवारे, एका ऋतूचे दोन महिने, म्हणजे वर्षाला एका बाटलीतून एकशेऐंशी फवारे. एक बाटली संपायला साडेपाच वर्षं! कागदाकडे पाहताना त्यांचा चेहरा असा झाला की जणू सिमेंटच्या गोण्या पावसात राहिल्या. "डेड स्टॉक," ते पुटपुटले.

त्यात लिंबाची बाटली आधीच आजारी होती. तो खण पश्चिमेच्या पत्र्याला टेकलेला, दुपारी हात लावला तर चटका बसावा असा. उष्णता, उजेड आणि हवा, सुगंधाचे हे तीन शत्रू, आणि त्यांना सगळ्यात आधी सापडतात ती लिंबू-संत्र्याचीच तेलं. फवारा मारल्यावर पहिल्या क्षणाला सालीचा टवटवीत वास यायच्या ऐवजी पॉलिश केलेल्या लाकडासारखी, टर्पेंटाइनची झाक येत होती, आणि पाण्यासारखा रंग फिक्या चहावर गेला होता. गंमत अशी की पाच मिनिटं थांबलं तर पुढचा वास ठीक होता. बिघाड डोक्याला होता, धड शाबूत. नुसत्या तारखेवरून कळलं नसतं, पहिल्या मिनिटावरून कळलं. त्याच खणात शेजारचा दुबईचा पाक मात्र ठणठणीत होता, किंबहुना आणखी जाड झाल्यासारखा वाटत होता. जड मालाचं तसंच असतं, तो माथाडींच्या पाठीलाच माहीत.

उरलेलं काम फायर सेफ्टीच्या फेरीने केलं. परफ्यूम म्हणजे बहुतांशी अल्कोहोल. वाहतुकीच्या कागदावर त्याचा वर्ग तीन, ज्वालाग्राही द्रव, यूएन नंबर १२६६. हे आमच्या सगळ्यांत एकाच माणसाला तोंडपाठ होतं आणि त्याच्याच खणात ते साठवलेलं होतं. तपासणीवाल्याने खण उघडला, सहा कप्पे पाहिले, चिठ्ठ्या वाचल्या. "शिशिर म्हणजे काय?" त्याने विचारलं. सुगंधरावांनी स्वतःच्या हाताने स्वतःविरुद्ध नॉन-कन्फर्मन्स लिहिला, आणि त्यात स्पेलिंगची चूक नव्हती.

यानंतर जी व्यवस्था आली ती मात्र शहाण्या माणसाची होती. मी तिची चेष्टा करतो, पण त्यातली दोन कलमं गुपचूप उचलली आहेत.

त्यांनी पंचांग सोडलं आणि वडप्याची हवा धरली. आमच्याकडे हवा तीन प्रकारची. तापलेला पत्रा, पावसाळी दमट आणि ऑफिसच्या केबिनमधला एसी. चौथी पहाटेची, पण ती लग्नाकार्याच्या खात्यात टाकली. प्रत्येक हवेला एक वास आणि प्रत्येक वास दहा मिलीच्या काचेच्या कुपीत. दहा मिली म्हणजे शंभर फवारे, म्हणजे महिनाभर सलग लावला तरी पुरतो. कुपी गळ्यापर्यंत भरायची, म्हणजे आत हवा कमी राहते. मोठ्या बाटल्या घरी, लाकडी कपाटात, अंधारात. बाथरूमच्या फळीवर नाही, कारण तिथे रोज गरम पाण्याची वाफ.

पत्र्यासाठी त्यांनी वाळा निवडला. वाळा म्हणजे आपल्या आजीच्या माठातलाच. त्याच्या मुळांचा अर्क हिरवट, मातकट आणि मुळातच गार वाटणारा. अत्तरवाले त्याला खस म्हणतात. पावसासाठी मिट्टी. हे अत्तर कनौजला तयार होतं. भाजलेली माती तांब्याच्या डेगीत पाण्यासोबत तापवायची, वाफ बांबूच्या नळीतून दुसऱ्या भांड्यातल्या चंदनाच्या तेलात उतरवायची. पहिल्या पावसाच्या या वासाला १९६४ साली ऑस्ट्रेलियातल्या दोन शास्त्रज्ञांनी 'पेट्रिकोर' असं नाव दिलं, आणि हा वास भारतात कधीचाच बाटलीत भरतात हेही त्यांनी लिहून ठेवलं. सुगंधरावांना ही हकिकत फार आवडते. आपल्या मालाला परदेशी पावती मिळाली की कुठल्याही स्टॉकवाल्याला बरं वाटतं. केबिनसाठी त्यांनी मोगरा ठेवला, कारण एसीत तो शिस्तीत राहतो. उघड्यावर उन्हात मात्र दहाव्या मिनिटाला गजरेवाली आल्यासारखं वाटतं. आणि लग्नाकार्याला तो दुबईचा पाक. दोन फवारे, तेही बनियनवर, शर्टाच्या आत.

खरेदीची रीतही बदलली. पूर्वी ते दुकानात दहा कागदी पट्ट्या हुंगून अकराव्यावर भुलत. आता एका फेरीत तीनच. आधी पट्टीवर, त्यातला आवडला तो मनगटावर, आणि मग दुकानातून बाहेर. चहा, गाडी, घर, जेवण. संध्याकाळी मनगटावर जे उरतं ते विकत घ्यायचं, कारण दुकानात आपण फक्त उडून जाणारी पहिली पंधरा मिनिटं हुंगत असतो. नाक थकलं तर दुकानदार कॉफीच्या बिया पुढे करतो. सुगंधराव त्या नम्रपणे परत करतात आणि स्वतःच्या कोपराच्या वळणात नाक खुपसतात. आपलं अंग हाच सगळ्यात ओळखीचा, कोरा वास. दुकानातल्या मुलीला मात्र ते रडताहेत असं वाटतं.

आता काट्यावरच्या तात्यांबद्दल सांगितलं पाहिजे, कारण सुगंधरावांचा सगळा आवेश त्यांच्यासाठी असतो. तात्या वजनकाट्यावर बसतात. तरुणपणी भिवंडीत यंत्रमागावर होते. पहिल्या पगाराला त्यांनी हिन्याची कुपी घेतली आणि आजतागायत दुसरा वास अंगाला लागू दिला नाही. उजव्या कानाच्या पाळीत कापसाचा फाया, बारा महिने. हिना म्हणजे नुसती मेंदी नव्हे. जटामांसी, लवंग, वेलची अशा बऱ्याच मसाल्यांचा तो जड, गरम मेळ. अत्तरवाल्यांच्या हिशेबाने हा थंडीचा माल. तात्या तो मेमध्ये लावतात.

"रोज नवा वास म्हणजे रोज नवं आडनाव," तात्या म्हणतात. "गेटवरच्या वॉचमनने ओळखायचं कुणाला?"

"तात्या, तुम्हाला स्वतःला तो वास येतो का?" सुगंधरावांनी एकदा विचारलं.

"येतो की."

"कधी आला होता शेवटचा?"

तात्या विचारात पडले. वजन चुकलं.

मुद्दा बिनतोड होता. तोच वास सतत नाकाशी राहिला की मेंदू त्याची नोंद घेणं सोडतो, आणि आठवडेच्या आठवडे राहिला तर काही काळ जवळजवळ गायबच करतो. तात्यांना हे समजावायला सुगंधरावांना लांब जावं लागलं नाही. "मागाच्या खोलीत तुम्हाला खटखट ऐकू यायची?" तात्या म्हणाले, बंद पडला तरच. तेच नाकाचं. आणि म्हणून एका वासाचा माणूस कळत नकळत हात सढळ करत जातो. तात्यांच्या फायाचा कापूस दरवर्षी वाढत होता. अलीकडे तो लांबून श्रवणयंत्रासारखा दिसे. स्वतःला जेमतेम जाणवेल इतकं लावायचं, तर बाहेर हायवेपर्यंत पोचतं. सुगंधरावांच्या मते वास बदलत राहण्याचा खरा फायदा ऋतूंशी नाहीच. नाकाला सुट्टी मिळते आणि हात आवरता राहतो.

तात्यांना पटलं असं नाही. पण त्याच वर्षी दुसरंच घडलं. तात्यांनी नेहमीच्या ठिकाणाहून नेहमीची कुपी आणली, आणि चार दिवसांत काट्यावरचे लोक विचारू लागले, तात्या, बरं नाही का? तात्यांना काहीच कळेना. सुगंधरावांनी फाया मागितला, मनगटावर टेकवला आणि घड्याळ लावलं. पहिला अर्धा तास हिना अगदी हिनासारखा. जेवणाच्या सुट्टीला नुसती लवंग. चारला काहीच नाही, फक्त तेलकट कातडी. "बूड बदललंय," त्यांनी निदान केलं. जुन्या अत्तरांचं बूड चंदनाच्या तेलाचं. चंदन महाग झालं तसं बऱ्याच मालात त्याच्या जागी पॅराफिनचं तेल किंवा बिनवासाचं रासायनिक द्रव्य आलं. वरचे मसाले तेच, पण त्यांना धरून ठेवणारा हात गेला. ही गोष्ट फक्त अत्तराची नाही. मोठमोठ्या विलायती परफ्यूमचीही पाककृती बदलते, कधी एखाद्या घटकावर तिकडे बंदी येते म्हणून, कधी तो परवडत नाही म्हणून, आणि बाटलीवरचं नाव मात्र तेच राहतं. जो आयुष्यभर एकाच वासावर राहतो त्याचा एकच पुरवठादार असतो. सुगंधराव याला सिंगल सोर्सिंगची रिस्क म्हणतात. तात्या म्हणाले, "लग्नातही तीच असते, राव." यावर सुगंधरावांच्या रजिस्टरात रकाना नव्हता.

शेवटी सुगंधरावांनीच एका रविवारी मुंबईला जाऊन, तीन दुकानं आणि तीन मनगटं झिजवून (तिसरं माझं), चंदनाच्या बुडाचा हिना शोधला. सहा मिली. किंमत ऐकून तात्यांनी कापूस आपोआप चिमटीएवढा केला. वासाचं प्रमाण इतकं झटकन कुठल्याच शास्त्राने आणलं नसतं.

इथवर सुगंधराव जिंकत होते. घोटाळा झाला तो मूडच्या कुप्यांनी. हवेच्या चार कुप्या जमल्यावर त्यांना वाटलं, मनालाही खण असावेत. हेड ऑफिसशी भांडण असेल त्या दिवशी वाळा, डोकं थंड राहावं म्हणून. ऑडिटला चहाच्या पानांचा. मन प्रसन्न असेल तर, एसी असो नसो, मोगरा. त्यांनी हे कुणालाच सांगितलं नाही. पण ज्या माणसांचं पोट खोक्यावरचं लेबल वाचण्यावर चालतं, त्यांना किती दिवस लागणार? दोन महिन्यांत लोडिंगच्या पोरांनी तक्ता पाठ केला. वाळा असेल तर तोंड उघडायचं नाही. मिट्टी असेल तर ॲडव्हान्स मागायला हरकत नाही, कारण पावसात साहेबांना गावची खाचरं आठवतात. मोगरा असेल तर रजा.

मला हे कळलं ते रजेच्या अर्जांवरून. एका मंगळवारी सकाळी साडेनऊला माझ्या टेबलावर सात अर्ज. पैकी तीन आज्या वारलेल्या, त्यातली एक गेल्या मोगऱ्यालाही वारली होती. मी बाहेर जाऊन श्वास घेतला. मोगराच.

घरीही तेच चाललं होतं म्हणे. वहिनी जिन्यावरच्या वासावरून कुकरच्या शिट्ट्या ठरवत. खस आला तर आधी पाणी, मग ताट, आणि बोलणं रात्री. त्यांच्या म्हणण्यानुसार इतकी सोय लग्न झाल्यापासून कधी नव्हती.

सुगंधरावांना ही बातमी तात्यांनी दिली, आणि फार चवीने दिली. "मी एकच वास लावतो, म्हणून माझ्या पोटात काय आहे ते कुणाला कळत नाही. तुम्ही छातीवर बोर्ड लावून फिरता." सुगंधराव दिवसभर गप्प होते. संध्याकाळी त्यांनी खण लावला, उघडला, पुन्हा लावला.

दुसऱ्या दिवशी ते आले ते मोगरा लावून. घमघमाट. दहाच्या आत अकरा अर्ज आले. हेड ऑफिसशी आदल्या रात्रीच फोनवर चकमक झाली होती, हे मला एकट्याला ठाऊक होतं. अकराच्या अकरा अर्ज त्यांनी लाल पेनाने फेटाळले, आज्यांसकट, आणि सहा नंबरचा रॅक रिकामा करून परत भरायला सांगितला. गुरुवारी वाळा लावून आले आणि सगळ्यांना वडे दिले. पोरांनी वडे हातात धरले पण खाल्ले नाहीत. शुक्रवारी पाऊस नसताना मिट्टी. शनिवारी काहीच नाही, आणि त्या दिवशी म्हणे कोणी मोठ्याने बोललंसुद्धा नाही.

गोडाऊनमधली शिस्त सुधारली, पण कामाचा वेग गेला. प्रत्येक जण टेबलाजवळून जाताना थांबे, हुंगे, आणि गोंधळून पुढे जाई. तात्यांनाही करमेना, कारण आता सगळे त्यांच्याकडे येऊन विचारत की साहेब कसे आहेत.

परवा लोडिंगचा सगळ्यात धीट पोरगा अर्ज घेऊन सरळ सुगंधरावांच्या समोर उभा राहिला. अर्ज त्याने पाठीमागे धरला होता.

"साहेब," तो म्हणाला, "आज लावलंय ते खरं आहे का?"

सुगंधरावांनी मनगट नाकाशी नेलं. बराच वेळ हुंगलं. मग कोपराच्या वळणात नाक घातलं, परत मनगट हुंगलं, आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "बघा हो जरा. मला काही येत नाहीये."

पोराने अर्ज पुढे केला.

मोगरा होता.